गृहीत कोणाचं आणि निष्कर्ष कोणाचा?

मागच्या आठवड्यात गावातल्या अभ्यासिकेत गेलो होतो. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवा, अशी पोरांची मागणी आहे, त्याची बातमी करायची होती. फोटो काढून निघणार तेवढ्यात आमच्या शेजारची मुलगी सराव पेपर घेऊन समोर उभी राहिली. दोन वर्षांपासून स्पर्धा परीक्षा देतेय. म्हणाली, "काका, तुम्ही रोज नगरपरिषदेत जाता. हा प्रश्न तुमच्याच कामाचा आहे. माझं उत्तर चूक कसं, ते सांगा."

प्रश्न असा होता.

विधान: "ज्या नळधारकांची पाणीपट्टी ३१ मार्चपर्यंत जमा होणार नाही, त्यांची नळजोडणी पूर्वसूचना न देता तोडण्यात येईल." (नगरपरिषदेची जाहीर सूचना)

गृहीतक १: नळ तुटण्याच्या धास्तीने काही नळधारक तरी मुदतीत पट्टी भरतील.
गृहीतक २: थकबाकीदार ऐपत असूनही मुद्दाम पट्टी भरत नाहीत.

पर्याय नेहमीचेच. फक्त १, फक्त २, दोन्ही, एकही नाही.

तिने 'दोन्ही' लिहिलं होतं. मी वाचलं आणि म्हटलं, बरोबर आहे की तुझं! आणि उत्तरतालिका म्हणत होती, 'फक्त १'.

खरं सांगतो, ओशाळलो. वीस-बावीस वर्षं बातम्या लिहितोय, पत्रकारितेची पदविका आहे, आणि सराव पेपरातल्या एका प्रश्नात अडकलो. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा मग पुढे आला आणि त्याने दोन मिनिटांत आम्हा दोघांनाही गप्प केलं. त्याने काय केलं ते सांगतो. पण त्याआधी हे गृहीतक म्हणजे काय, ते घरातल्या उदाहरणाने बघू. कारण हा शब्द आपण परीक्षेत शिकत नाही, घरात भांडताना शिकतो. "मला गृहीत धरू नकोस" हे वाक्य ज्या घरात उच्चारलं गेलं नाही असं घर मला दाखवा.

समजा तुम्ही बाहेर आहात आणि घरून फोन येतो. "येताना अर्धा लिटर दूध आण."

या वाक्याखालचं गृहीतक कोणतं? दहा जणांना विचारा, सात जण सांगतील, "घरातलं दूध संपलंय." चूक. घरात दूध असेलही. रात्री पाहुणे येणार असतील, उद्या खीर करायची असेल. दूध संपलंय हा तुमचा अंदाज आहे, तुम्ही ऐकून बांधलेला. कदाचित बरोबरही असेल. पण बोलणाऱ्याने तो धरलेला असणं काही गरजेचं नाही.

बोलणाऱ्याने काय धरलंय ते बघा. तुम्ही आज घरी परत येणार आहात. तुम्ही याल त्या वेळी कुठलं तरी दुकान उघडं असेल. दूध घेण्याएवढे पैसे तुमच्या खिशात आहेत, किंवा दुकानदार वहीवर देईल. यातली एकही गोष्ट फोनवर बोलली गेली नाही. पण यातली एक जरी खोटी निघाली तरी ते वाक्य पोकळ होतं. तुम्ही मुक्कामी पुण्याला असाल तर "येताना दूध आण" याला अर्थच उरत नाही.

म्हणजे गृहीतक विधानाच्या खाली असतं, घराच्या पायासारखं. बोललं जात नाही, पण त्याच्यावर बोलणं उभं असतं. निष्कर्ष विधानाच्या नंतर येतो. विधान खरं मानलं की पुढे काय आपोआप खरं होतं, ते निष्कर्षात सांगायचं. आणि या दोघांत तिसरा घुसतो तो अंदाज. अंदाज पायाही नाही आणि अटळही नाही, नुसता शक्य वाटतो. परीक्षेत चुकीचा पर्याय बहुतेक वेळा या अंदाजाचाच असतो. तो ओळखीचा असतो, रोजच्या अनुभवातला असतो, म्हणून हात आपोआप त्याच्यावर टिक करतो.

आता त्या मुलाने काय केलं ते. तो म्हणाला, "गृहीतक उलटं करायचं. मग विधान उभं राहतंय का पडतंय ते बघायचं."

पहिलं उलटं केलं. "नळ तुटेल या धास्तीने एकही नळधारक पट्टी भरणार नाही." हे खरं मानून सूचना पुन्हा वाचा. मग ही सूचना काढायची कशाला? लोक भरणारच नसतील तर मुदत देऊन उपयोग काय? सूचना पडली. म्हणजे पहिलं गृहीतक पक्कं.

दुसरं उलटं केलं. "थकबाकीदार मुद्दाम पट्टी चुकवत नाहीत." कुणी विसरलंय, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणी पगाराची वाट बघतोय. आता सूचना वाचा. पडली का? नाही. विसरलेल्याला तारीख कळली, पगाराची वाट बघणाऱ्याने आधी हा खर्च काढला. सूचना जशीच्या तशी उभी आहे. म्हणजे नगरपरिषदेला ही गोष्ट धरण्याची गरजच नव्हती. ती आम्ही दोघांनी आपल्या डोक्यातून आणून तिच्या तोंडात घातली.

आता तिसरा पर्याय आपणच तयार करू. "ज्याने ३१ मार्चपर्यंत पट्टी भरली नाही, त्याला आधी कळवलं नाही तरी त्याचा नळ तोडला जाईल." हे गृहीतक आहे का? नाही. हे सूचनेतच सांगितलेलं आहे, फक्त एका माणसाला लावून. इथे कसोटी वेगळी लागते. विधान खरं माना आणि विचारा, हे खोटं असू शकेल का? शक्य नाही. मग तो निष्कर्ष.

आणि एक चौथा, जो मोठमोठ्यांना फसवतो. "ज्यांनी पट्टी भरली त्यांचा नळ तुटणार नाही." वाचताना वाटतं, हे तर उघडच आहे. पण सूचनेत असं कुठेही म्हटलेलं नाही. पट्टी भरली आणि नळाला मोटार लावली म्हणून जोडणी तोडली, असं होऊ शकतं. सूचना न भरणाऱ्यांबद्दल बोलते, भरणाऱ्यांबद्दल गप्प आहे. तर हे गृहीतकही नाही आणि निष्कर्षही नाही. १ एप्रिललाच नळ तुटेल, हेही तसंच. तोडण्याची तारीख सूचनेत नाहीच.

दोन कसोट्या झाल्या. गृहीतकासाठी पर्याय उलटा करायचा आणि विधान पडतं का बघायचं. निष्कर्षासाठी विधान खरं धरायचं आणि पर्याय खोटा ठरू शकतो का बघायचं. पहिल्यात हात पर्यायाला लावायचा, दुसऱ्यात विधान घट्ट धरायचं. एवढा फरक लक्षात राहिला तरी निम्मा गोंधळ संपतो.

उरलेला गोंधळ उलटं करण्यात होतो. "काही जण तरी भरतील" याचं उलट काय? पुष्कळ मुलं सांगतात, "काही जण भरणार नाहीत." चूक. काही भरतील आणि काही भरणार नाहीत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. खरं उलट आहे, "एकही भरणार नाही." आणि "सगळे भरतील" याचं उलट "एकही भरणार नाही" हे नव्हे, तर "सगळेच भरतील असं नाही" हे आहे. एखादा राहिला तरी ते उलटं झालं. आता बघा, पर्यायात "या सूचनेमुळे सगळी थकबाकी वसूल होईल" असं असतं, तर उलट होतं, "सगळीच वसूल होणार नाही." मग सूचना पडते का? अजिबात नाही. ऐंशी टक्के वसूल झाली तरी नगरपरिषद पेढे वाटेल. म्हणून "सगळी" हे गृहीतक नाही आणि "काही तरी" हे गृहीतक आहे. एवढ्याशा शब्दावर प्रश्न फिरतो.

हेच क्लासवाले एका फटक्यात शिकवतात. "सर्व, फक्त, नक्की, आणि शब्दाला चिकटलेला 'च' दिसला की काट मारा." ही युक्ती बऱ्याचदा चालते, म्हणून मुलं खूश असतात. का चालते ते मात्र कोणी सांगत नाही. मोठा दावा उलटा करायला सोपा असतो, एका अपवादात तो मोडतो, आणि विधानाला सहसा एवढ्या मोठ्या दाव्याची गरज नसते. पण 'च' जर विधानातच बसलेला असेल तर? "दूध आणायचं तर चौकातल्या डेअरीतूनच आण." इथे बोलणाऱ्याने धरलंय की त्या डेअरीत आणि बाकीच्या दुकानांत काही तरी फरक आहे. दुधात असेल, भावात असेल, उधारीत असेल. "कुठेही घेतलं तरी सगळं सारखंच" असं उलटं करून बघा, तो 'च' लगेच लटका पडतो. त्यामुळे 'च' पर्यायात आहे का विधानात, हे बघितल्याशिवाय काट मारणारा मुलगा नेमका अवघड प्रश्नात आपटतो.

आणखी एक खोड सांगतो, कारण अभ्यासिकेतल्या निम्म्या वादाचं मूळ तिथे आहे. "काही जण तरी पट्टी भरतील" ही गोष्ट पुढे घडणारी आहे. सूचना आज लागली, पैसे नंतर येणार. मग मुलं म्हणतात, जे नंतर घडतं तो निष्कर्ष, गृहीतक कसं? इथे घड्याळातला आधी-नंतर आणि विचारातला आधी-नंतर यांची गल्लत होते. पैसे नंतर येतील, पण येतील ही अपेक्षा सूचना काढणाऱ्याच्या मनात आधीपासून आहे. त्या अपेक्षेवर सूचना उभी आहे. उलट, सूचना लागली म्हणून पैसे येतीलच असं सूचना वाचून सिद्ध होत नाही. म्हणजे जी गोष्ट निष्कर्षासारखी दिसते ती निष्कर्षाच्या कसोटीत नापास होते आणि गृहीतकाच्या कसोटीत पास होते. जाहिरात, आवाहन, सल्ला, सूचना या चारही प्रकारांत हे घडतं. कारण ही नुसती माहिती नसते, काही तरी घडवण्यासाठी केलेली कृती असते. आणि कोणतीही कृती "याचा काही उपयोग होईल" हे धरूनच होते.

या कसोटीला मर्यादाही आहे, ती लपवत नाही. सूचना कशासाठी काढली, हे आपण सरळ अर्थाने धरतो. परीक्षेत तसंच धरायचं असतं. प्रत्यक्षात एखादं कार्यालय सूचना फक्त फाइलला लावण्यासाठी काढतं. पैसे कोणी भरो न भरो, उद्या लेखापरीक्षणात दाखवायला कागद हवा. हेतूच वेगळा असेल तर गृहीतकही बदलतं. परीक्षेत ही हुशारी करू नका, गुण जातील. बाहेर मात्र जरूर करा.

गुणांचं म्हणाल तर ही किरकोळ गोष्ट नाही. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत दुसरा पेपर सीसॅटचा. ८० प्रश्न, २०० गुण. पास व्हायला ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. त्या पेपरात उतारा देऊन खाली विचारतात, यातून कोणतं अनुमान निघतं? आणि दुसऱ्या उताऱ्याखाली विचारतात, लेखकाने कोणती गृहीतकं धरली आहेत? उतारा पूर्ण समजलेला मुलगासुद्धा, गृहीतक विचारलंय तिथे अनुमान शोधत बसला, तर समजलेल्या उताऱ्यावर गुण घालवतो. त्याला उतारा कळला नाही असं नाही, त्याला प्रश्न कळला नाही.

आता माझ्या ओशाळण्याचं खरं कारण.

त्या सराव पेपरातली सूचना वाचताना मला माझीच जुनी बातमी आठवली. काही वर्षांपूर्वी जवळपास अशीच नोटीस एका नगरपरिषदेने काढली होती. मी बातमी दिली. मथळा दिला, "नागरिक मुद्दाम पाणीपट्टी बुडवतात : नगरपरिषदेचा आरोप." बातमी गाजली. चौकात चर्चा, दोन संघटनांची निवेदनं, एका नगरसेवकाचं उपोषण. तिसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा फोन आला. चिडलेले नव्हते, थकलेल्या आवाजात म्हणाले, "साहेब, आमच्या नोटिशीत मुद्दाम हा शब्द कुठे आहे तेवढा दाखवा." नव्हता. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला, जो कोणी वाचत नाही.

पण खुलाशापेक्षा मोठी चूक मला नंतर कळली. आठवडाभर सगळं गाव, मी धरून, एका न धरलेल्या गोष्टीवर भांडत होतं. आम्हाला मुद्दाम बुडवणारे म्हणता काय! आणि त्या नोटिशीने जे खरोखर धरलं होतं ते कोणीच तपासलं नाही. आपल्याकडे किती बाकी आहे हे लोकांना माहीत आहे, हे नोटिशीने धरलं होतं. उलटं करून बघा. बाकी किती हेच माणसाला माहीत नसेल तर तो मुदतीत भरेल कसा? नोटीस पडते. आणि एका पेठेत तसंच झालं होतं. तिथे त्या वर्षाची बिलं वाटलीच गेली नव्हती. हे मला कळलं ते एप्रिलमध्ये, जेव्हा त्या पेठेतल्या एका आजींचा नळ तुटला. पेन्शनवर एकट्या राहणाऱ्या. त्यांच्याकडे आदल्या वर्षापर्यंतच्या सगळ्या पावत्या सुईदोऱ्याने शिवून ठेवलेल्या होत्या. म्हणाल्या, "बिल आलंच नाही, मी भरू कुठलं?" अकरा दिवस त्या शेजारून पाणी भरत होत्या.

बिलं पोचली का, हा एक प्रश्न मी मार्चमध्ये विचारला असता तर कदाचित त्यांचा नळ वाचला असता. मी विचारला नाही, कारण मी मथळ्यात गुंतलो होतो.

तेव्हापासून मला एक गोष्ट पटलीय. गृहीतक आणि निष्कर्ष हा फक्त शब्दांचा फरक नाही. कोणी कशाचं उत्तर द्यायचं, हा फरक आहे. गृहीतकाचं उत्तर बोलणाऱ्याने द्यायचं, कारण त्याचं बोलणं त्यावर उभं आहे. त्याने ते उच्चारलं नाही म्हणून सुटका नाही. निष्कर्ष विधानातून अटळपणे निघत असेल तर तोही त्याला मान्य करावा लागतो. पण अंदाज माझा असेल तर पुरावा मी द्यायचा. माझा अंदाज त्याच्या नावावर छापायचा आणि त्याला उत्तर मागायचं, हा धंदा मी केला आणि आजही रोज होतो.

गावातली गोष्ट सोडा, राज्यातली घ्या. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळा एकत्र आणून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले होते, आठवत असेल. मांडणी साधारण अशी होती की, अगदी कमी पटाच्या शाळेत मुलांना सोबती, खेळ, स्पर्धा, सोयी मिळत नाहीत, म्हणून त्यांना एका मोठ्या, सुसज्ज शाळेत आणावं. त्यावर खूप गदारोळ झाला. मी इथे बाजू घेत नाही, आपली कसोटी लावतोय.

"सरकारला शाळा बंद करून शिक्षण खाजगी करायचंय." हे गृहीतक आहे का? उलटं करा. सरकारला खाजगीकरण करायचं नाही. तरी मांडणी उभी राहते. म्हणजे हा विरोधकांचा अंदाज आहे. खरा असेलही, पण त्याचा पुरावा त्या मांडणीत नाही, बाहेरून आणावा लागेल. आता दुसऱ्या बाजूचं घ्या. "छोट्या शाळांतले गुरुजी शिकवत नाहीत." उलटं करा. गुरुजी जीव तोडून शिकवतात. तरीही मांडणी उभी, कारण तिचं कारण सोबती आणि सोयी हे आहे. म्हणजे इथे शिक्षकांना शिव्या घालणाऱ्यांनीही आपला राग सरकारच्या नावावर खपवला.

"ज्या वस्तीवरची शाळा समूहात गेली, त्या वस्तीवर ती शाळा राहणार नाही." हा निष्कर्ष आहे. योजना मान्य केली की हे टळत नाही. कोणी "शाळा बंद होणार नाही, फक्त समायोजन होईल" म्हणत असेल तर त्याला सरळ विचारायचं, मग वस्तीवर शाळा राहील का? हो की नाही?

आणि गृहीतक? "मुलं रोज त्या समूह शाळेपर्यंत पोचतील." उलटं करा, पोचणार नाहीत. सगळी योजना कोसळते. शाळा कितीही सुसज्ज असो, मूल पोचलं नाही तर सोबतीही नाही आणि सोयही नाही. हे गृहीतक किती जड आहे बघा. शिक्षण हक्क कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत असावी, असं धरलेलं आहे. म्हणजे सहा वर्षांचं पोर पायी किती चालेल, याचा विचार नियम करणाऱ्यांनी आधीच केलाय. समूह शाळा त्यापलीकडे असेल तर पोचण्याची सगळी भिस्त गाडीवर. मग प्रश्न सुरू होतात. गाडी कोणाची? डिझेल कोणत्या खात्यातून? ओढ्याला पूर आला त्या दिवशी काय? गाडी सुटली तर पाचवीतली मुलगी एकटी येईल का, आणि दोनदा तसं झालं तर तिचा बाप तिला पाठवेल का?

हे प्रश्न विचारायला कोणत्याही पक्षाचं असावं लागत नाही. आणि या प्रश्नांना "तुम्ही राजकारण करता" हे उत्तर देता येत नाही, कारण प्रश्न आपल्या मनातले नाहीत, त्यांच्याच मांडणीच्या पायातले आहेत. खाजगीकरणाचा आरोप केला की समोरचा "आमचा तसा हेतू नाही" म्हणून मोकळा होतो, आणि आपल्याकडे पुढे बोलायला काही उरत नाही. गाडीचं विचारलं तर त्याला गाडी दाखवावी लागते.

आपल्याकडे ग्रामसभा असो, हरकती-सूचनांची मुदत असो की जनता दरबार, नव्वद टक्के वेळ हेतूवर भांडण्यात जातो. हेतू दिसत नाही, सिद्ध होत नाही, आणि म्हणून ते भांडण संपतही नाही. त्यात आम्ही पत्रकार तेल ओततो, कारण हेतूचा मथळा चालतो. "बिलं वाटली का?" हा काय मथळा आहे? कोण वाचणार? पण आजींचा नळ त्या प्रश्नावर तुटला, 'मुद्दाम' या शब्दावर नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. क्लासवाल्यांनी 'च' दिसला की काट मारा हे शिकवणं थांबवावं आणि पोरांना पर्याय उलटा करायला शिकवावं. निदान आठवड्यातून एक तास सराव पेपर बाजूला ठेवून खऱ्या नोटिशी समोर घ्याव्यात. नगरपरिषदेची, महावितरणची, तहसीलची. या नोटिशीने काय धरलंय, यातून काय अटळ आहे आणि आपण काय उगाच जोडतोय, असे तीन रकाने करा. यातली बरीच पोरं उद्या तलाठी, ग्रामसेवक, तहसीलदार होणार आहेत. उद्या नोटीस त्यांच्या सहीने निघेल. तेव्हा बिलं पोचलीत हे त्यांनी न तपासता धरलं तर आणखी एका आजीचा नळ तुटेल.

शेजारच्या मुलीला हे सगळं सांगितलं, आजींचंही सांगितलं. ती थोडा वेळ पेपरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, मग याच प्रश्नात तिसरं गृहीतक टाकायला पाहिजे होतं. नळधारकांना बिलं मिळालेली आहेत."

मी म्हटलं, उलटं करून बघ.

तिने केलं. बिलं मिळालेली नाहीत. जरा थांबून म्हणाली, "तसं कोणी कार्यालयात जाऊन बाकी विचारून पण भरू शकतो ना? म्हणजे सगळ्यांना बिल मिळालंय हे लागत नाही. पण आपल्याकडे बाकी आहे आणि ती किती, हे कळायची काही तरी सोय आहे, एवढं लागतंच."

माझ्या मथळ्यापेक्षा ती दोन पावलं पुढे होती. परवा मी नगरपरिषदेत जाऊन विचारलं, या वर्षीची पाणीपट्टीची बिलं कोणत्या पेठांत वाटून झाली. यादी मागितली आहे. मिळाली की इथेच टाकतो.